ग्राहकाने काढलेला फोटो आपल्या पानावर टाकायचाय: परवानगी आणि कॅप्शनबद्दल मदत हवी

शाईचा_डाग

मी हाताने वह्या शिवते आणि इन्स्टाग्रामवरून विकते. मागच्या आठवड्यात एका ग्राहक ताईंनी माझ्या वहीचा फोटो त्यांच्या पानावर टाकला आणि मला टॅग केलं. फोटो फार छान आलाय. टेबलावर उघडी वही, त्यात शाईने काढलेलं अर्धवट झाडाचं चित्र, बाजूला पेन, आणि कोपऱ्यात त्यांची लहान मुलगी वाकून बघतेय, तिचा अर्धा चेहरा दिसतो.

हा फोटो मला माझ्या पानावर टाकायचाय. मी स्क्रीनशॉट घेऊन ठेवलाय आणि कॅप्शनही लिहिलंय, पण पोस्ट करायच्या आधी इथे दाखवावं म्हटलं. त्यांचं हँडल बदलून @ग्राहक लिहिते आहे.

"आणखी एक आनंदी ग्राहक! आमच्या वह्यांचा कागद इतका दर्जेदार आहे की फाउंटन पेनची शाईसुद्धा मागे उमटत नाही. १६० पानं, चार रंगांत उपलब्ध. साठा मर्यादित, आजच मागवा! लिंक बायोमध्ये. (मग दहा-बारा हॅशटॅग) फोटो सौजन्य: @ग्राहक"

प्रश्न दोन. सौजन्य लिहिलंय, तरी वेगळी परवानगी लागते का? आणि कॅप्शन कसं वाटतंय?

बिनधास्त

ताई, उगाच डोक्याला ताप करून घेताय. त्यांनी स्वतःहून तुम्हाला टॅग केलंय ना? मग तीच परवानगी. लोक टॅग करतात ते दुकानाने आपला फोटो उचलावा म्हणूनच. खाली नाव दिलं की विषय संपला. बिनधास्त टाका.

मीनाक्षी_क

माझ्या बाबतीत नेमकं हेच झालं होतं. मी काढलेला माझ्या वस्तूचा फोटो दुसऱ्या एका विक्रेत्याने उचलला आणि स्वतःचा माल म्हणून लावला. तुम्ही ताबडतोब तक्रार करा. अॅपमध्ये पोस्टच्या तीन टिंबांवर गेलं की पर्याय सापडतो. मूळ फाइल जपून ठेवा, पुरावा म्हणून लागते.

रिकामटेकडा

मीनाक्षीताई, इथे उचलणाऱ्या बाईच सल्ला मागायला आल्या आहेत :)

मीनाक्षी_क

अरे हो की! घाईत वाचलं. शाईताई, माफ करा. पण मूळ फाइल जपण्याचं बोलले ते खरंच आहे हो.

जुना_खिळा

छोट्या विक्रेत्यांची पानं सांभाळण्यात माझी बरीच वर्षं गेली, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

बिनधास्त, तुमचं म्हणणं स्टोरीपुरतं बऱ्याच अंशी बरोबर आहे. एखाद्याने स्टोरीत आपला उल्लेख केला की ती आपल्या स्टोरीत घ्यायचं बटण अॅपच देतं. तिथे मूळ खातं आपोआप दिसतं आणि २४ तासांनी ते निघूनही जातं. त्यासाठी कोणी रागावलेलं मी पाहिलं नाही. पण शाईताई वेगळंच करतायत. स्क्रीनशॉट घेऊन नवी पोस्ट, ती कायम पानावर राहणार, आणि वर 'आजच मागवा'. म्हणजे दुसऱ्याचा फोटो आपल्या जाहिरातीत आला. टॅग करणारा माणूस 'बघा, तुमची वही वापरतेय' एवढंच सांगत असतो. 'माझा फोटो तुमच्या जाहिरातीत घ्या' असं तो म्हणालेला नसतो.

फोटोवर हक्क तो काढणाऱ्याचा. त्यासाठी कुठे नोंदणी करावी लागत नाही. खातं सगळ्यांना दिसतं म्हणून तो हक्क सुटत नाही. खातं उघडताना आपण अॅपला फोटो दाखवायची मुभा देतो, ती अॅपला. शेजारच्या दुकानदाराला नाही. सौजन्य लिहिल्याने फोटो कोणाचा ते कळतं, वापरायला होकार होता की नाही ते कळत नाही. त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हो, विचारा.

आता माझा उलट प्रश्न. त्या ताईंनी स्वतःच्या कॅप्शनमध्ये काय लिहिलं होतं? शब्दशः टाका.

कॅमेरावाला

खिळासाहेबांच्या 'काढणाऱ्याचा' या शब्दाखाली जाड रेघ ओढतो. मी एकीचे काही फोटो काढून दिले होते. तिने ते आपल्या पानावर टाकले. तिच्या अंगावर ज्यांचे कपडे होते त्या विक्रेत्याने तिला विचारलं, तिने आनंदाने हो म्हटलं, आणि फोटो लागला. श्रेय तिला. पुढे तोच फोटो त्यांच्या छापील फलकावर दिसला. मी फोन केला तर म्हणाले, 'आम्ही मॅडमची परवानगी घेतलीय.' घेतली होती, खोटं नव्हतं. पण ती द्यायचा अधिकार मॅडमना नव्हता, आणि फलकाचं तर त्यांनाही कोणी विचारलं नव्हतं.

शाईताई, तुमच्या फोटोत ग्राहक बाईंचे दोन्ही हात दिसतायत का?

शाईचा_डाग

अय्या! हो, एका हाताने वही धरलीय आणि दुसऱ्या हाताची बोटं पेनापाशी आहेत. म्हणजे फोटो दुसऱ्याच कोणीतरी काढलाय. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

आणि खिळादादा, त्यांचं मूळ कॅप्शन असं: "शेवटी मनासारखी वही मिळाली. निब जाड असेल तर मागच्या पानावर थोडी सावली दिसते, पण कागदाचा पोत चित्रासाठी झकास आहे आणि वही पूर्ण सपाट उघडते."

जुना_खिळा

मला वाटलंच होतं. तुमच्या कॅप्शनची खरी अडचण इथे आहे, परवानगीपेक्षाही मोठी. तुम्ही लिहिलंय, शाई मागे उमटत नाही. त्या लिहितायत, सावली दिसते. त्यांचाच फोटो लावून तुम्ही त्यांच्या अनुभवाच्या उलट दावा करताय, आणि खाली त्यांचं नाव. वाचणारा समजणार की हे त्या बाईंचं मत आहे. उद्या त्यांच्या ओळखीचं कोणी वही घेईल, मागे सावली दिसेल, आणि विचारणा त्यांच्याकडे होईल.

शाईचा_डाग

पण दादा, शाई मागे झिरपत नाही हे खरंच आहे. कागद १०० जीएसएमचा आहे. सावली दिसणं वेगळं, झिरपणं वेगळं.

जुना_खिळा

वेगळं आहे, मान्य. ते तुम्हाला कळतं, वही विकत घेणाऱ्याला 'उमटत नाही' म्हणजे मागचं पान कोरं दिसणार असंच वाटतं. हा दावा करायचाच असेल तर स्वतः काढलेल्या फोटोवर करा, मागच्या पानाचा फोटो शेजारी लावून. ग्राहकाच्या फोटोखाली ग्राहक जे बोललाय तेवढंच. आणि बघा, त्यांनी तुम्हाला केवढं आयतं दिलंय! 'सपाट उघडते.' हाताने शिवलेल्या वहीत लोक हेच शोधतात, फोटोतही तेच दिसतंय, आणि तुमच्या कॅप्शनमध्ये त्याचा पत्ता नाही.

बिनधास्त

म्हणजे आता ग्राहकाने काढलेला दोषही आपणच छापायचा? धंदा करायचाय की कबुलीजबाब द्यायचाय?

जुना_खिळा

छापलाच पाहिजे असं नाही. वगळा हवं तर. उलटं लिहू नका, एवढंच. मी असतो तर ठेवला असता, कारण पेनाने चित्रं काढणाऱ्यांना 'थोडी सावली' खपते, फसवणूक खपत नाही. पण तो ज्याचा त्याचा निर्णय.

अबोली_७

मी या धंद्यात नाही, पण माझा फोटो एकदा असा वापरला गेलाय म्हणून लिहिते. विचारलं होतं, मी हो म्हटलं होतं. मात्र विचारताना फक्त 'फोटो रीपोस्ट करू का?' एवढंच होतं. मला वाटलं स्टोरीत टाकतील. त्यांनी फोटो कापला, वर मोठी अक्षरं चिकटवली आणि पैसे भरून ती पोस्ट सगळीकडे फिरवली. ओळखीचे लोक विचारायला लागले, 'तू यांची जाहिरात करतेस का?' तांत्रिकदृष्ट्या मी हो म्हटलेलं होतं, त्यामुळे भांडताही येईना. विचारायचं तर पुरतं विचारा.

जुना_खिळा

अबोलीताई, तुमचा अनुभव फार उपयोगी आहे. विचारताना फोटो कुठे लावणार, त्यात काय बदल करणार आणि पैसे भरून पसरवणार का, हे आधीच सांगायला हवं. पोस्टला पैसे लावणं हा वेगळा वापर आहे. वेबसाइट वेगळी, छापील वेगळं. एकाचा होकार दुसऱ्याला लागू होत नाही.

शाईताई, मी संदेश असा लिहिला असता. तुमच्या बोलीत बदलून घ्या.

"नमस्कार ताई, वही आवडली हे वाचून फार बरं वाटलं. तुमच्या मागच्या आठवड्यातल्या पोस्टमधला उघड्या वहीचा फोटो माझ्या इन्स्टाग्राम पानावर एक पोस्ट म्हणून लावू का? कॅप्शनमध्ये तुमचे आभार, तुमचं हँडल आणि वहीची माहिती असेल, म्हणजे ती माझ्या वहीची जाहिरातच असेल. पैसे भरून ती पसरवणार नाही, दुसरीकडे कुठे वापरणार नाही. तसं कधी करावंसं वाटलं तर पुन्हा विचारेन. फोटो तुम्हीच काढलाय की दुसऱ्या कोणी? त्यांचीही परवानगी घ्यायची आहे आणि नाव द्यायचं आहे. कोपऱ्यात तुमची मुलगी दिसते आहे, तो भाग ठेवावा की नको, तुम्ही सांगाल तसं. लावण्याआधी कॅप्शन तुम्हाला दाखवेन. नको असेल तर निःसंकोच नाही म्हणा, आणि नंतर कधी काढायला सांगितलंत तरी काढेन."

लांब आहे, पण त्यात पुढचे सगळे प्रश्न येऊन गेले. एक करा. तुम्ही एकमेकींना फॉलो करत नसाल तर हा संदेश त्यांच्या 'Requests' मध्ये जाऊन पडेल आणि महिनाभर दिसणार नाही. म्हणून त्यांच्या फोटोखाली एक ओळ लिहा: 'ताई, तुम्हाला संदेश पाठवलाय, वेळ मिळेल तेव्हा बघाल का?' उत्तर आलं की प्रश्न आणि उत्तर दोन्ही दिसतील असा तारखेसकट स्क्रीनशॉट ठेवा. फोटोखालच्या कमेंटमध्ये मिळालेला होकार तर आवर्जून, कारण कमेंट कधीही पुसता येते.

रिकामटेकडा

आणि उत्तरच आलं नाही तर? मौनं संमतिलक्षणम्?

जुना_खिळा

इथे ते चालत नाही. उत्तर नाही म्हणजे फोटो नाही. आठवड्याने एकदा आठवण करायला हरकत नाही, तिसऱ्यांदा विचारू नये.

शाईचा_डाग

चार दिवसांनी येतेय. संदेश पाठवला, कमेंटही केली. ताईंचं उत्तर आलं आणि त्यातून बऱ्याच गोष्टी निघाल्या.

फोटो त्यांच्या भावाने काढला होता. भावाचं म्हणणं, लावा, पण नाव माझं द्या आणि फोटो कापू नका, कोपऱ्यातली भाची काढली तर फोटोत राहिलं काय! ताईंचं म्हणणं, मुलीचा चेहरा माझ्या पानावर ठीक आहे, तिथे ओळखीचेच लोक असतात, दुकानाच्या पानावर नको. झालं, बहीण-भावाचं तिकडे जुंपलं.

शेवटी भावानेच त्याच वेळचा दुसरा फोटो दिला. त्यात मुलीचा फक्त हात दिसतो, बोट चित्रातल्या झाडावर टेकलेलं. मला तर हाच जास्त आवडला. स्क्रीनशॉट नको म्हणून त्याने मूळ फाइल व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट करून पाठवली. जमीन-अस्मानाचा फरक आहे, कागदाचा पोत स्पष्ट दिसतोय.

कॅमेरावाला

भाऊ शहाणा आहे. एक काळजी घ्या. फोनमधल्या मूळ फाइलमध्ये बऱ्याचदा फोटो कुठे काढला ते ठिकाणही साठवलेलं असतं, आणि डॉक्युमेंट म्हणून पाठवल्यावर ते तसंच येतं. इन्स्टाग्रामवर तो तपशील लोकांना दिसत नाही. पण तीच फाइल कोणाला पुढे पाठवलीत किंवा वेबसाइटवर चढवलीत तर त्यांच्या घराचा पत्ता तिच्यासोबत जाऊ शकतो. फोनमध्ये फोटोचा तपशील उघडून ठिकाण पुसता येतं, ते आधी करा.

शाईचा_डाग

बापरे, बघितलं. नकाशासकट होतं! पुसलं.

आता नवं कॅप्शन बघा. भावाचं हँडल @भाऊ धरा.

"@ग्राहक ताई, या फोटोसाठी मनापासून आभार! फोटो: @भाऊ

ताई लिहितात, 'कागदाचा पोत चित्रासाठी झकास आहे आणि वही पूर्ण सपाट उघडते.' वही सपाट उघडावी म्हणून मी पानांचे छोटे गठ्ठे करून दोऱ्याने शिवते, पाठीला पानं नुसती चिकटवत नाही. जाड निबने लिहिलं तर मागे हलकी सावली दिसते, हेही ताईंनी सांगितलंय आणि ते खरं आहे.

१६० पानं, १०० जीएसएम, चार रंग. हवी असेल तर लिंक बायोमध्ये आहे.

(दोघांच्या परवानगीने)"

हॅशटॅग तीनच ठेवलेत.

जुना_खिळा

आता हे वाचावंसं वाटतं. आभार आणि दोन्ही नावं पहिल्या ओळीत आली ते उत्तम. फीडमध्ये कॅप्शनच्या साधारण दोनच ओळी दिसतात, बाकी 'more' च्या मागे जातं. साधारण १२५ अक्षरं म्हणतात, पण देवनागरीत काना-मात्रा-वेलांट्या वेगळ्या मोजल्या जातात, शिवाय सुरुवातीला तुमच्या खात्याचं नाव जागा खातं. त्यामुळे हातात त्याहून कमीच येतं. आधीच्या मसुद्यात सौजन्य हॅशटॅगच्याही खाली होतं, म्हणजे ते कोणी वाचलंच नसतं.

कॅप्शनमध्ये नाव आलं तरी फोटोवर टॅग करायचं का, ते वेगळं विचारा. टॅग केलं की तुमची जाहिरात त्यांच्या पानावरच्या टॅग केलेल्या फोटोंमध्ये दिसू शकते. कोणाला ते आवडतं, कोणाला नको असतं. आणि उल्लेख करताना अॅप जी यादी सुचवतं त्यातूनच नाव निवडा. एका अक्षराच्या फरकाने श्रेय भलत्याच खात्याला गेलेलं मी पाहिलंय.

बिनधास्त

मला एक सांगा, ताईंना एक वही फुकट देऊन टाकली असती तर एवढी विचारपूस करावी लागली असती का? पटकन हो म्हटलं असतं.

जुना_खिळा

मग ते आभार राहत नाहीत, मोबदला होतो. होकाराच्या बदल्यात काही दिलं तर तसं पोस्टमध्ये उघड लिहावं लागतं, बऱ्याच ठिकाणी जाहिरातीचे नियमच तसे आहेत. वाचणाऱ्याला कळायला हवं की स्तुती करणाऱ्याला वही मिळालीय.

अबोली_७

मला नाही पटत. अहो, त्यांचा फोटो घेऊन तुम्ही वह्या विकणार, आणि त्यांना फक्त 'मनापासून आभार'? मी असते तर एक वही घेतली असती आणि तसं लिहूनही दिलं असतं. फुकट फोटो मिळवायला विक्रेते फार सोकावलेत.

कॅमेरावाला

अबोलीताईंशी सहमत. श्रेयाने पोट भरत नाही.

जुना_खिळा

तुमचं चुकीचं आहे असं म्हणत नाही. ठरवून, उघड सांगून द्या की. मी इतकंच म्हणतोय की ती लाच वाटू नये. आधी होकार, पोस्ट लागून गेल्यावर महिन्याने भेट, असंही काहीजण करतात. पण पुढच्या ग्राहकाला ते कळलं की तो अपेक्षेनेच टॅग करणार. याचं समाधानकारक उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

शाईचा_डाग

मी काही दिलेलं नाही अजून, विचार करते.

पोस्ट काल लावली. ताईंना आधी कॅप्शन दाखवलं, त्यांनी 'हलकी सावली' मधला 'हलकी' शब्द काढायला लावला! म्हणाल्या, मी 'थोडी' लिहिलं होतं. बदललं. टॅग ताईंना नको होता, भावाला हवा होता, त्याप्रमाणे केलं. खाली दोघा-तिघांनी सपाट उघडण्याबद्दलच विचारलंय, सावलीबद्दल एकानेच, आणि त्याला ताईंनी परस्पर उत्तर देऊन टाकलं.

आता खरी धाकधूक. पानावर मागे गेले तर अशा, ग्राहकांच्या फोटोंच्या, बावीस जुन्या पोस्ट आहेत. सगळीकडे 'फोटो सौजन्य', परवानगी एकाचीही नाही. काय करू?

बिनधास्त

सोडून द्या. इतके दिवस कोणी बोललं नाही ना? आता विचारायला गेलात तर निजलेल्याला उठवल्यासारखं होईल.

जुना_खिळा

मी असतो तर आधी चेहरे आणि लहान मुलं असलेल्या पोस्ट अर्काइव्हमध्ये टाकल्या असत्या. त्या पुसल्या जात नाहीत, फक्त लोकांना दिसत नाहीत. होकार आला की परत आणता येतात, लाइक-कमेंटसकट. उरलेल्यांना रोज दोघा-तिघांना संदेश. एकदम बावीस जणांना एकच मजकूर पाठवू नका, अॅपला ते स्पॅम वाटू शकतं.

मीनाक्षी_क

आणि त्या बावीसमध्ये माझा असेल तर माझी परवानगी आहे हो, मी तुमच्याकडून एक वही घेतली होती.

शाईचा_डाग

मीनाक्षीताई, तुमचा आहे! निळी वही, खिडकीतला फोटो. तो तुम्हीच काढला होता का?

मीनाक्षी_क

नाही, मिस्टरांनी. थांबा, विचारून सांगते.